टकिला, लाकूड आणि लिंबू

“सिल्व्हर टकिला म्हणजे कच्चा माल, शॉट मारायला आणि कॉकटेलमध्ये ढकलायला. खरी चाखत प्यायची ती आन्येहो. रंग जितका गडद तितकी टकिला जुनी आणि उंची. पैसे असतील तर मार्गारिटासुद्धा आन्येहोचीच करा, फरक कळेल.”

टकिला म्हणजे मेक्सिकोतल्या निळ्या अगावे या वनस्पतीपासून बनणारी दारू, आणि तिच्याबद्दल वरचा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो. मला तो पटत नाही. रंगापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. दुकानात ‘गोल्ड’ नावाने मिळणारी सोनेरी टकिला बहुतेक वेळा पिंपात गेलेलीच नसते. पांढऱ्या टकिलात कॅरॅमलचा रंग घालून ती सोनेरी केलेली असते. शिवाय पिंपात थोडी मुरवलेली रेपोसादो आणि जास्त मुरवलेली आन्येहो यांच्यामध्येही रंग, ग्लिसरीन, ओकचा अर्क आणि साखरेचा पाक एकूण वजनाच्या १ टक्क्यापर्यंत घालायला मेक्सिकोचा नियम परवानगी देतो, आणि तेवढं लेबलवर सांगावं लागत नाही. याउलट, अनेकदा वापरलेल्या जुन्या पिंपात दहा महिने राहिलेली प्रामाणिक रेपोसादो फिक्या गवती रंगाची निघू शकते. म्हणून बाटली उजेडात धरण्यापेक्षा लेबल वाचा. त्यावर ‘१०० टक्के अगावे’ असं स्पॅनिशमध्ये लिहिलेलं आहे का, एवढं आधी बघा. ते नसेल, तर नियमाप्रमाणे निम्म्याहून किंचित जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के साखर निळ्या अगावेची असते आणि बाकीची उसाची किंवा दुसऱ्या स्रोताची असू शकते. टकिला प्यायल्यावर घसा जळतो ही तक्रार बहुतेक वेळा अशा मिश्र टकिलाबद्दल असते, आणि खापर मात्र ब्लांकोवर, म्हणजे सिल्व्हरवर, फुटतं.

आता ‘जुनी’ म्हणजे नक्की किती जुनी? ब्लांको पिंपात जात नाही, किंवा गेली तरी दोन महिन्यांच्या आत बाहेर येते. रेपोसादो किमान दोन महिने ओकमध्ये राहते, आन्येहो किमान एक वर्ष, आणि २००६मध्ये आलेली एक्स्ट्रा आन्येहो किमान तीन वर्षं. पण कालावधीइतकाच भांड्याचा आकारही महत्त्वाचा आहे, आणि तो कुणी विचारत नाही. आन्येहोचं पिंप ६०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. रेपोसादोला तशी मर्यादाच नाही. त्यामुळे हजारो लिटरच्या लाकडी टाकीत दोन महिने राहिलेली आणि अमेरिकन बर्बनच्या दोनशे लिटरच्या पिंपात अकरा महिने राहिलेली, दोन्हींवर ‘रेपोसादो’ हाच शब्द येतो. मोठ्या टाकीत दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श फार कमी, म्हणून पहिली जवळजवळ ब्लांकोसारखी लागते. दुसरीत व्हॅनिला आणि दालचिनी स्पष्ट जाणवतात. नुसतं ‘रेपोसादो आवडते’ म्हणण्याने म्हणूनच फारसं काही कळत नाही.

गडबडीचं मूळ मला व्हिस्कीच्या सवयीत दिसतं. बार्ली काही महिन्यांत कापणीला येते, आणि व्हिस्कीच्या चवीचा मोठा वाटा पिंपातून येतो. निळा अगावे, म्हणजे आपल्याकडच्या माळावरच्या घायपाताचा भाऊबंद, पक्व व्हायला साधारण सहा-सात वर्षं घेतो. खिमादोर, म्हणजे अगावेची कापणी करणारा कामगार, पानं तासून मधला गड्डा काढतो. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात तो विटांच्या भट्टीत दोन-तीन दिवस वाफेवर शिजतो, मग त्याचा रस काढून आंबवतात आणि दोनदा ऊर्ध्वपातन करतात. भाजलेल्या रताळ्यासारखा गोडवा, मिरीचा तिखटपणा, लिंबाच्या सालीचा आणि ओल्या गवताचा वास, हे सगळं पिंप दिसायच्या आधीच द्रवात उतरलेलं असतं. पिंप त्यात व्हॅनिला, मसाल्याचा वास, तुरटपणा आणि रंग घालतं. बदल्यात ताजा, हिरवा वास मागे हटतो. टकिलाचा मुख्य प्रांत असलेल्या हालिस्कोच्या उबदार, कोरड्या हवेत हे झपाट्याने होतं आणि बाष्पीभवनही बरंच होतं. तीन-चार वर्षांनंतर पुष्कळदा हातात उरतं ते चांगलं ओक, अगावे शोधावा लागतो. तेव्हा एक्स्ट्रा आन्येहोची किंमत ही लाकडाची, वेळेची आणि उडून गेलेल्या द्रवाची किंमत आहे. चवीची पायरी म्हणून ती वाचू नये.

चाखत प्यायची तर ब्लांकोच आधी घ्या, असं मी ठामपणे सांगेन. तिच्यात कारागिराला लपायला जागा नाही. बर्फ, मीठ, लिंबू काही नको. तोंडाशी निमुळत्या होणाऱ्या छोट्या ग्लासात साधारण ३० मिली घ्या, खोलीच्या तापमानाला, आणि पाच मिनिटं थांबा. नाक ग्लासात खुपसू नका, काठावरूनच वास घ्या. नेलपॉलिशसारखा वास आला, तर ऊर्ध्वपातनाच्या सुरुवातीचा टाकायचा भाग नीट वेगळा केलेला नाही. चांगल्या ब्लांकोत घोट गिळल्यावर शिजलेल्या अगावेचा गोडवा जिभेवर रेंगाळतो आणि मिरीचा चटका मागून येतो. आन्येहोमध्ये केकच्या क्रीमसारखा भडक व्हॅनिला आणि जिभेवर सिरपासारखा चिकटपणा जाणवला, तर ते काम पिंपापेक्षा वर सांगितलेल्या १ टक्क्याचं असण्याची शक्यता जास्त.

एक गोष्ट मान्य करायला हवी. व्हिस्की किंवा रम पिणाऱ्याला पहिल्याच घोटात आन्येहो सोपी वाटते, कारण ओकची चव त्याच्या ओळखीची असते. जेवणानंतर एखाद-दुसरा पेग घ्यायला ती सुरेख आहे. माझा वाद तिला एकमेव मानण्याशी आहे.

मार्गारिटाचं मात्र घरी करूनच बघा. एकाच कारखान्याची ब्लांको आणि आन्येहो घ्या. लेबलवर ‘नॉम’ या अक्षरांबरोबर चार आकडी क्रमांक असतो, तो दोन्हींवर सारखा असला की कारखाना एकच. प्रत्येकीची ५० मिली टकिला, २० मिली संत्र्याचा लिकर, १५ मिली ताजा लिंबाचा रस, भरपूर बर्फ, आणि दहा-बारा सेकंद जोरात शेक. आपलं कागदी लिंबू हेच मेक्सिकोतही घरोघरी वापरतात, त्यामुळे इथे काही बदलायला नको. ब्लांकोच्या ग्लासात लिंबू, संत्रं आणि अगावेचा हिरवा वास एकमेकांना उचलून धरतात. आन्येहोच्या ग्लासात आंबटपणामुळे ओकचा तुरटपणा उघडा पडतो, शेवटचा घोट कडवट आणि कोरडा लागतो. नुसती पिताना मोहवणारा व्हॅनिला लिंबाखाली दबतो किंवा त्याच्याशी भांडतो. म्हणजे जास्त किंमत मोजून जे विकत घेतलं, तेच शेकरमध्ये हरवलं. रेपोसादो इथे चालते, मार्गारिटा जरा गोल आणि कमी तरतरीत होते. ग्रेपफ्रूटच्या सोड्यातल्या पालोमा या कॉकटेललाही माझी पहिली पसंती ब्लांकोच.

आणि आन्येहो मिसळूच नये, असंही नाही. फक्त लिंबू बाजूला ठेवा. ६० मिली आन्येहो, एक छोटा चमचा अगावे सिरप, बाटली दोनदा झटकून पडेल तेवढं अँगोस्तुरा बिटर्स, एका मोठ्या बर्फाच्या तुकड्यावर अर्धा मिनिट चमच्याने ढवळा, शेक करू नका. वरून संत्र्याची साल पिळून तिचं तेल पृष्ठभागावर पडू द्या. इथे आंबट काहीच नसल्याने ओकची चव तशीच राहते आणि सालीचा वास तिला पुढे आणतो.