कॅशलेसच्या काउंटरवर ४७ हजार कुठून आले?

"कॅशलेस पॉलिसी आहे ना? मग खिशात एक रुपया नसला तरी बिनधास्त ॲडमिट व्हा. कार्ड दाखवायचं, बिल कंपनी भरते. तीन तासांत मंजुरी दिलीच पाहिजे असा आता नियमच आहे. आधी स्वतः भरून मग परत मागायचं ते रिइम्बर्समेंट फक्त ज्यांचं कॅशलेस नाकारतात त्यांच्यासाठी. हॉस्पिटलसाठी म्हणून वेगळे पैसे बाजूला ठेवणं म्हणजे पैसे सडवणं."

हा मेसेज मला गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. मी काही वर्षं एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर बसलोय; टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था. त्यामुळे तो वाचून पुढे सरकता आलं नाही. एकेक वाक्य घेतो.

कार्ड

कार्ड म्हणजे पॉलिसी आहे एवढी ओळख. ते दाखवल्यावर पैसे हलत नाहीत. डेस्कवरून प्री-ऑथचा, म्हणजे आगाऊ मंजुरीचा फॉर्म जातो. त्यात डॉक्टर आजार, उपचार आणि अंदाजे खर्च लिहितात. मग कंपनीची किंवा टीपीएची पहिली मंजुरी येते, आणि ती बहुतेक वेळा अंदाजातल्या काही रकमेचीच असते. उरलेलं शेवटच्या बिलावर ठरतं. शेवटी किती कापलं जाईल हे हॉस्पिटललाही त्या वेळी माहीत नसतं, म्हणून ॲडमिशनलाच डिपॉझिट मागतात. आमच्याकडे साध्या ऑपरेशनला २५ हजार घ्यायचे. कॅशलेस असो वा नसो, हे पैसे पहिल्या तासात लागायचे.

हॉस्पिटल कंपनीशी करार असलेल्या नेटवर्कमध्ये नसेल तरी आता दार अगदीच बंद नसतं. जानेवारी २०२४ पासून 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' आहे. ठरवून केलेल्या उपचारासाठी ४८ तास आधी कळवायचं आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत. पण तिथेही कंपनीने हो म्हणावं लागतं आणि हॉस्पिटलनेही तयार व्हावं लागतं.

बिल कोण भरतं

सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात, म्हणून एक बिल पूर्ण उलगडतो. आकडे सोपे केलेत, पण कापाकापी हुबेहूब अशीच असते.

पित्ताशयाचं ऑपरेशन, दुर्बिणीतून. पॉलिसी पाच लाखांची, आणि खोलीच्या भाड्याला विमा रकमेच्या १ टक्क्याची मर्यादा, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. ॲडमिशनच्या वेळी मुलगा म्हणाला, "बाबांना जरा बरी खोली द्या, वरचे तीन हजार मी भरतो." खोली ८,००० ची मिळाली आणि मुक्काम तीन दिवसांचा झाला. त्याच्या हिशेबाने जादा खर्च नऊ हजार.

डिस्चार्जच्या दिवशी बिल आलं १,४८,००० चं. खोली २४,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर मिळून ८०,०००, औषधं आणि डिस्पोजेबल्स २८,०००, तपासण्या १४,००० आणि रजिस्ट्रेशन, फाइल वगैरेचे २,०००.

खोलीचे नऊ हजार कापले, ते अपेक्षितच होतं. पण पॉलिसीत 'प्रपोर्शनेट डिडक्शन'चं कलम होतं. तुम्ही मर्यादेपेक्षा महागड्या खोलीत राहिलात की त्या खोलीच्या दर्जाप्रमाणे डॉक्टरांची फी आणि थिएटरचे दरही वाढलेले असतात, असं ते कलम धरतं. म्हणून त्या खर्चांनाही तोच भागाकार लागतो. पाच भागिले आठ, म्हणजे ६२.५ टक्के. ८०,००० पैकी ५०,००० मंजूर झाले आणि ३०,००० गेले.

औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना हा भागाकार लावता येत नाही, तसा विमा नियामकाचाच नियम आहे. आयसीयूच्या भाड्यालाही नाही. आणि ज्या हॉस्पिटलात खोलीनुसार दर बदलतच नाहीत तिथेही नाही. कुणी लावला असेल तर जरूर भांडा. इथे मात्र तो योग्य जागीच लागला होता.

पुढे डिस्पोजेबल्समधले ग्लोव्हज, मास्क, डायपर असे ६,००० 'नॉन-पेएबल' यादीत गेले. ही यादी प्रमाणित आहे, कंपनीने मनाने केलेली नसते. फाइल आणि रजिस्ट्रेशनचे २,००० खोलीच्या भाड्यात आणि उपचारांच्या खर्चातच धरलेले मानतात, म्हणून तेही गेले.

नऊ, तीस, सहा आणि दोन. एकूण ४७ हजार. मंजुरी आली १,०१,००० ची.

मुलगा काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "पण साहेब, कॅशलेस आहे ना?" होतं की. कॅशलेस व्यवस्थित मंजूर झालं होतं. डिपॉझिटचे २५ हजार वजा करून २२ हजार त्याला तिथेच भरायचे होते, आणि ते भरेपर्यंत गेटपास नव्हता. आणि हे ४७ हजार नंतर कुठूनही परत येणारे नाहीत. रिइम्बर्समेंटला टाकले तरी तीच पॉलिसी, तेच कलम.

तुमच्या पॉलिसीला खोलीची मर्यादा नसेल आणि ग्लोव्हज-मास्कसारख्या कन्झ्युमेबल्सचं रायडर, म्हणजे जोडकव्हर, घेतलेलं असेल, तर ही कपात काही हजारांवर येते. ते पॉलिसीच्या कागदावर वाचून ठरवा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

तीन तास

हा नियम खरा आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे प्री-ऑथवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. कंपनीच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकार लावला तर तोही कंपनीच्या माथी.

पण घड्याळ कधी सुरू होतं ते पाहा. हॉस्पिटल अंतिम विनंती पाठवतं तेव्हा. डॉक्टर सकाळी दहाच्या राउंडला "आज घरी जा" म्हणतात. नंतर डिस्चार्ज समरी टाइप होते, उरलेली औषधं फार्मसीत परत जातात, वॉर्डातून बिलिंगला फाइल येते. आमच्याकडे ती विनंती दीडच्या आधी क्वचितच जायची. म्हणजे सगळं नियमात बसूनही साडेचार.

शिवाय नियम निर्णयाचा आहे, होकाराचा नाही. 'क्वेरी', म्हणजे कंपनीकडून जादा माहितीची मागणी, आली की खेळ लांबतो. एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. रात्री ॲडमिट करताना ज्युनिअर डॉक्टरने केसपेपरवर लिहिलं, "डायबेटिस, पाच वर्षं." पॉलिसी दोन वर्षांची, आणि ती घेतानाच्या प्रस्तावात डायबेटिसचा उल्लेख नाही, म्हणजे आजार लपवला असा संशय. पेशंटला मधुमेह कळून वर्षच झालं होतं. घाईत कुणीतरी नातेवाइकाने अंदाजे आकडा सांगितला आणि तो शाईत उतरला. जुने रिपोर्ट घरून येईपर्यंत कॅशलेस नाकारलं गेलं होतं. म्हणून आजाराचा कालावधी सांगताना ठोकताळा नको, आणि ॲडमिशनचा तो कागद एकदा स्वतः वाचा.

रिइम्बर्समेंट

कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. त्या वेळी मिळालेल्या माहितीवर कंपनी पैशांची हमी देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वरच्या पेशंटने पूर्ण बिल भरलं, जुने रिपोर्ट जोडून फाइल टाकली आणि क्लेम मिळाला.

आणि कॅशलेस सुरळीत झालेल्यांनाही रिइम्बर्समेंट लागतंच. ऑपरेशनच्या आधीची सोनोग्राफी, रक्ततपासण्या, डॉक्टरची फी आणि घरी आल्यावरची औषधं, फेरतपासणी हे सगळं आधी तुमच्या खिशातून जातं. अनेक पॉलिसींत दाखल होण्याआधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरतात, काहींत जास्त. पित्ताशयाच्या त्या केसमध्ये असे १२ हजार झाले होते, आणि ते परत मागता येतात हे त्या कुटुंबाला डेस्कवर कळलं.

कागद पूर्ण दिले की आरोग्य क्लेमचा निर्णय १५ दिवसांत व्हायला हवा. 'पूर्ण' या शब्दावर सगळं अडतं. सर्वात जास्त राहून जाते ती भरणा केल्याची पावती. लोक अंतिम बिल जोडतात आणि डिपॉझिटची पावती हरवलेली असते, मग पैसे तुम्हीच भरलेत हे सिद्ध करायला पुन्हा हॉस्पिटलच्या चकरा. दुसरा नंबर इम्प्लांटच्या स्टिकरचा, तिसरा क्लेम फॉर्मच्या 'भाग ब'चा, कारण तो हॉस्पिटलने भरून सही-शिक्क्यासह द्यायचा असतो. डिस्चार्जच्या दिवशी तिथून निघण्यापूर्वीच तो मागा. साठ दिवसांची औषधं संपायची वाट पाहत मुख्य फाइल अडवून ठेवू नका. ती लगेच पाठवा, नंतरची बिलं वेगळी पाठवता येतात.

सडणारे पैसे

बाजूला किती ठेवायचे? पगाराच्या पटीत मोजणं मला पटत नाही. तुम्ही प्रत्यक्षात ज्या हॉस्पिटलात जाल तिथे एखाद्या नेहमीच्या ऑपरेशनचा अंदाज विचारा आणि दोन वेगळे आकडे काढा. पहिला, जे जातील आणि परत येणार नाहीत, वरच्या केसमध्ये ४७ हजार. ते खर्चच धरा. दुसरा, जे अडकतील आणि महिना-दीड महिन्यात येतील. कॅशलेस चाललं तर तो १२ हजार, नाकारलं गेलं तर मंजूर होऊ शकणारे १,०१,००० आणि वर ते १२ हजार. म्हणजे वाईटात वाईट १,६०,००० एकदम हाताशी लागतात, पण त्यातले १,१३,००० फिरून येतात. त्यांच्यावर बुडणारं व्याज किरकोळ असतं.

दुसऱ्या आकड्यासाठी क्रेडिट कार्ड वापरायला हरकत नाही, पण बिलाच्या तारखेपर्यंत क्लेम आला नाही तर ते भरायला मागे एफडी हवीच. नाहीतर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज चढतं आणि ते कुठलीही विमा कंपनी देत नाही. नोटा घरात ठेवून उपयोग नाही, कारण आयकर कायद्यानुसार हॉस्पिटलला एका पेशंटच्या बिलापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. हॉस्पिटलसाठी यूपीआयची मर्यादा पाच लाख आहे, पण तुमच्या बँकेने आणि ॲपने ती तेवढी ठेवलीय का, हे आधी तपासा.

आणि पैसे कुणाच्या नावावर आहेत ते बघा. पित्ताशयाच्या त्या केसमध्ये पैसे नव्हते असं नाही. बाबांच्या एकट्याच्या नावावर दोन लाखांची एफडी होती. मुलगा काउंटरपाशी बाबांचा फोन हातात धरून उभा होता. बँकेच्या ॲपचा पिन त्याला माहीत नव्हता, आणि बाबा वर खोलीत कपडे बदलून, पिशवी भरून, गेटपासची वाट बघत बसले होते. २२ हजार शेवटी त्याच्या मित्राने यूपीआयने पाठवले.