बेरीज जुळली म्हणजे भरणा बरोबर नसतो

बँकेत रोख भरायच्या स्लिपवर नोटांचा तपशील भरायला जो तक्ता असतो, तो काय शोभेसाठी छापलाय का? ५०० गुणिले किती, २०० गुणिले किती, १०० गुणिले किती, आणि प्रत्येकासमोर रकमेचा रकाना. इतकं सोपं काम. तरी रोज दुपारी तीननंतर कागल, मुरगूड, गारगोटी, कोडोली लाइनच्या सेल्समनचे भरण्याचे फोटो यायला लागले की माझं डोकं फिरतं. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका वितरकाकडे मी हिशेब बघते. पोरं वसुली करतात, जवळच्या शाखेत भरतात आणि स्लिपचा फोटो मला पाठवतात. त्या फोटोवरून मी भरण्याची नोंद करते. म्हणजे माझ्या हातात फक्त तो फोटो आहे. नोटा नाहीत, पैसे भरणारा माणूस समोर नाही, खरी स्लिपही नाही.

आणि फोटो कसा? तर स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून, तिरका, अंगठा नेमका ५० आणि २० च्या ओळीवर. त्यातही बऱ्याच बँकांच्या काउंटरफॉइलवर नोटांचा तपशील नसतोच, तो बँकेकडे जाणाऱ्या भागावर किंवा मागच्या बाजूला असतो. शिक्का मारलेलं काउंटरफॉइल हातात पडेपर्यंत तो भाग बँकेत गेलेला असतो. म्हणजे शिक्क्याचा फोटो आला तर तपशील नाही, तपशिलाचा फोटो आला तर शिक्का नाही. दोन फोटो लागतात, एक स्लिप खिडकीत द्यायच्या आधी आणि एक शिक्का पडल्यावर. हे किती वेळा सांगायचं? उत्तर ठरलेलं, "ताई, रांग मोठी होती की."

परवाचंच बघा. स्लिपवर एकूण रक्कम १,८६,४५०, अक्षरीसुद्धा तीच. तपशिलात ५०० च्या ३०४, २०० च्या ५७, १०० च्या २९६, ५० च्या २३, २० च्या ११ आणि १० च्या ८. रकमेचा रकाना पूर्ण रिकामा. मी गुणाकार करून बेरीज घेतली तर १,९४,४५०. आठ हजार जास्त!

आता हे आठ हजार कुठनं आले? फरक प्रत्येक नोटेनं भागून बघायचा. ५०० च्या असतील तर १६ नोटा जास्त पडल्या, म्हणजे ३०४ ऐवजी २८८ हवे होते. एक अंक चुकीचा वाचून ३०४ चे २८८ होत नाहीत, सगळे अंक बदलावे लागतात. २०० च्या असतील तर ४० जास्त, म्हणजे ५७ ऐवजी १७. ५ आणि १ यांची गल्लत होईल असं अक्षर मी अजून पाहिलेलं नाही. ५० च्या ओळीत १६० नोटा कमी करायला तिथं आहेतच मुळी २३. राहिली १०० ची ओळ. तिथं ८० जास्त, म्हणजे २९६ ऐवजी २१६. फोटो मोठा करून बघितला तर मधल्या अंकाची शेपटी गोल वळवून वर नेलेली. तो एक होता. मराठी एक आणि नऊ घाईत लिहिले की असेच एकमेकांत मिसळतात, आणि जी पोरं निम्मे आकडे मराठीत, निम्मे इंग्रजीत लिहितात त्यांच्या स्लिपवर तर मराठी एक हा सरळ इंग्रजी नऊ दिसतो. फोन करून विचारलं, २१६ च होते. शेजारी २१,६०० एवढं लिहिलं असतं तर हा खटाटोप उरलाच नसता. रकमेचा रकाना त्यासाठीच असतो. नोटांचा आकडा खराब आला तरी रक्कम वाचता येते, रक्कम खराब आली तरी आकड्यावरून ती काढता येते. दोन्हींतलं एक सोडून दिलं की मी आंधळी होते.

पण हे तरी परवडलं. यात निदान माणसानं नोटा मोजून लिहिल्या होत्या. माझा खरा संताप पुढच्या प्रकारावर आहे.

दुसऱ्या एकाची स्लिप आली, एकूण ९४,७३०. तपशील असा: ५०० च्या १८९, २०० ची १, २० ची १, १० ची १. बेरीज तंतोतंत जुळते. पण जरा विचार करा. दिवसभर गावातल्या पानपट्ट्या, बेकऱ्या आणि किराणा दुकानांची वसुली, आणि त्यात १०० ची एक नोट नाही? ५० ची नाही? वीसची एकच, दहाची एकच? हे नोटा मोजून आलेले आकडे नव्हेत. आधी एकूण रक्कम घेतली, तिला ५०० नं भाग दिला, उरलेल्याला २०० नं, मग खाली खाली. आकडे करून भरले. ओळखायची खूण सोपी आहे: ५०० च्या खालच्या सगळ्या नोटांची मिळून रक्कम ५०० च्या आत बसते आणि प्रत्येक ओळीत एकदोनच नोटा असतात. खऱ्या वसुलीत दहाविसाच्या मळक्या नोटांची थप्पी असतेच असते.

यावर ऐकायला काय मिळतं? "जुळतंय न्हवं? मग काय अडलं?" अडलं हे, की त्याच भरण्याचे बँकेत ९४,२३० जमा झाले. पाचशे कमी. मशीनवर मोजताना कमी भरले, कॅशियरनं बँकेच्या भागावर दुरुस्ती करून घेतली, आणि माझ्याकडचं काउंटरफॉइल जुन्याच आकड्यासह कोरं करकरीत. आता पाचशेची एक नोट कमी होती, का शंभराच्या गड्डीत ९५ च निघाल्या, का एखादी नोट खोटी निघाली? खोटी नोट बँक परत देत नाही, शिक्का मारून जप्त करते आणि पोच देते. पोच नव्हती, म्हणजे ते नाही. बाकीच्या दोहोंपैकी कुठलं ते शोधायला खरा तपशील पाहिजे. तो असता तर वसुलीच्या कागदाशी ताडून पाहता आलं असतं, बँकेत विचारता आलं असतं की तुमच्या मोजणीत ५०० च्या किती आणि १०० च्या किती. १८९ हा आकडाच बनावट, तर मी कशाशी काय ताडू? आणि गंमत समजून भरलेल्या त्या आकड्यांमुळं पाचशे रुपये त्या पोराच्याच पगारातनं जातात. त्याचं घर चालतं त्यावर. मला राग येतो तो याचाही.

मालकांचं म्हणणं, बेरीज जुळली की सोडून द्यायचं. अहो, ५०० ची एक नोट जास्त लिहिली आणि १०० च्या पाच कमी लिहिल्या तरी बेरीज जुळतेच की! बेरीज फक्त एवढंच सांगते की कागदावरचे आकडे आपसात भांडत नाहीत. पिशवीत काय होतं ते ती सांगत नाही.

म्हणून आता मी ग्रुपवर लिहून टाकलंय. नोटा आधी मोजायच्या, आकडे ओळीत भरायचे, रकमेचा रकाना भरायचा आणि एकूण रक्कम सगळ्यात शेवटी लिहायची. स्लिप सपाट टेबलावर ठेवून वरनं सरळ फोटो काढायचा, चारी कोपरे दिसले पाहिजेत. कॅशियरनं काही बदललं तर काउंटरफॉइलवरही त्याच्याकडून दुरुस्ती आणि सही घ्यायची. दोन्ही फोटो आल्याशिवाय भरण्याची नोंद करणार नाही, मग उधारी त्या सेल्समनच्या नावावर उभी राहिली तरी चालेल. खाली दोघांनी अंगठा दाखवलाय, बाकीच्यांनी वाचून सोडून दिलंय.