व्हेरिअन्स टॅली झाले, म्हणून उत्तर बरोबर?

"स्टँडर्ड कॉस्टिंगच्या गणितात उत्तर तपासायला एकच चेक पुरे. ॲक्च्युअल कॉस्टमधून स्टँडर्ड कॉस्ट वजा करायची आणि सगळ्या व्हेरिअन्सची बेरीज तेवढीच येते का बघायचं. आली तर उत्तर शंभर टक्के बरोबर. नाही आली तर कुठेतरी चुकलं, पुन्हा सोडवा."

परीक्षा तोंडावर आली की नागपुरातल्या कॉमर्सच्या पोरांमध्ये हा सल्ला हातोहात फिरतो. यातला चेक खोटा नाही, तो करायलाच हवा. बेरीज चुकली, एखादा व्हेरिअन्स राहून गेला, एका ठिकाणी ॲडव्हर्सचं फेव्हरेबल झालं, युसेज व्हेरिअन्स धरून वर त्याचेच दोन तुकडे असलेले मिक्स आणि यील्डही मिळवले, तर हा चेक लगेच ओरडतो. माझी हरकत शेवटच्या दोन वाक्यांना आहे. चुकीचं उत्तरही व्यवस्थित टॅली होतं, आणि बरोबर उत्तर कधी कधी टॅली होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच गणितावर दाखवतो.

वाडीकडे संत्रा बर्फीचा एक कारखाना आहे असं समजा. आकडे मनचे आहेत, हिशेब सोपा जावा म्हणून घेतलेले. एक किलो बर्फीला संत्र्याचा गर अर्धा किलो लागावा आणि तो १२० रुपये किलोने मिळावा, हे स्टँडर्ड. महिन्याचं बजेट १,००० किलो बर्फीचं होतं, प्रत्यक्षात ९०० किलो झाली. गर वापरला ४८० किलो, भाव पडला १३० रुपये.

आधी बरोबर उत्तर. ९०० किलो बर्फीला ४५० किलो गर लागायला हवा होता, म्हणून स्टँडर्ड कॉस्ट ५४,००० रुपये. ॲक्च्युअल कॉस्ट ४८० गुणिले १३०, म्हणजे ६२,४००. फरक ८,४०० रुपये, ॲडव्हर्स. प्राइस व्हेरिअन्स ४८० किलोवर दहा-दहा रुपये, म्हणजे ४,८०० ॲडव्हर्स. युसेज व्हेरिअन्स ३० किलो जास्तीचा गर गुणिले १२०, म्हणजे ३,६०० ॲडव्हर्स. बेरीज ८,४००. जमलं.

आता तीच चूक करू जी उत्तरपत्रिकांत सर्रास दिसते: ९०० च्या जागी बजेटचे १,००० किलो धरू. स्टँडर्ड गर ५०० किलो झाला, स्टँडर्ड कॉस्ट ६०,०००. एकूण फरक फक्त २,४०० ॲडव्हर्स. प्राइस व्हेरिअन्स तोच, ४,८०० ॲडव्हर्स. युसेज मात्र २० किलोची बचत गुणिले १२०, म्हणजे २,४०० फेव्हरेबल. ४,८०० मधून २,४०० गेले, उरले २,४००. टॅली!

काय झालं ते नीट बघा. कारखान्यात ३० किलो गर वाया गेला आणि आपल्या उत्तरानं प्रॉडक्शनवाल्यांना २० किलो वाचवल्याबद्दल शाबासकी दिली. चेकला यातलं काही कळलं नाही, कारण स्टँडर्डचा जो चुकीचा आकडा युसेजमध्ये गेला तोच एकूण फरकातही गेला. मोडक्या तराजूवर एकच पोतं दोनदा मोजलं तर दोन्ही वेळा वजन सारखंच भरणार. बीजगणितात हे उघड आहे. प्राइस आणि युसेज मिळवले की मधलं पद कटतं आणि उरतं ते ॲक्च्युअल वजा स्टँडर्ड, मग स्टँडर्ड क्वांटिटीच्या जागी तुम्ही ४५० घाला, ५०० घाला नाहीतर पाच हजार. म्हणून टॅलीच्या आधीचा खरा प्रश्न हा की स्टँडर्ड कोणत्या उत्पादनासाठी काढलं. ते नेहमी प्रत्यक्ष झालेल्या उत्पादनासाठीच काढायचं. बजेटच्या आकड्याची गरज पुढे फिक्स्ड ओव्हरहेडच्या व्हॉल्यूम व्हेरिअन्सला लागते. मटेरियल आणि लेबरमध्ये तो नुसता चकवा असतो. मात्र गणितात स्टँडर्ड दर किलोला न देता '१,००० किलोला ५०० किलो गर' असं दिलं असेल, तर प्रमाण काढण्यापुरता तो वापरावा लागतो, आणि नेमकं तिथेच पोरं ते ५०० तसेच उचलतात.

दुसरी चूक याहून लबाड आहे, कारण इथे एकूण फरकसुद्धा बरोबर येतो. प्राइस व्हेरिअन्स ॲक्च्युअल क्वांटिटीऐवजी स्टँडर्ड क्वांटिटीवर काढा: ४५० गुणिले १०, म्हणजे ४,५०० ॲडव्हर्स. युसेजला स्टँडर्ड भावाऐवजी ॲक्च्युअल भाव लावा: ३० गुणिले १३०, म्हणजे ३,९०० ॲडव्हर्स. बेरीज? ८,४००. एकूण फरक? तोही ८,४००, आणि या वेळी तो अगदी खरा. दोन्ही व्हेरिअन्स चुकले, चेक पास.

इकडचे तिकडे झालेले ३०० रुपये कुठले? जास्तीच्या ३० किलोंवर जास्तीचे दहा रुपये, त्यांचा हा गुणाकार. भावही वाढला आणि वापरही वाढला, त्या दोघांचा हा सामायिक कोपरा आहे. प्रचलित पद्धतीत तो प्राइस व्हेरिअन्सकडे जातो. युसेज स्टँडर्ड भावाने मोजला की प्रॉडक्शनच्या माणसाला बाजारभावाच्या चढउताराचा जाब द्यावा लागत नाही. कळमन्यात संत्रं महागलं तर ते खरेदीवाल्यानं बघावं, कढईपाशी उभ्या असलेल्यानं नव्हे. तीनशे रुपये किरकोळ वाटतील, पण परीक्षेत दोन्ही उत्तरांचे मार्क जातात आणि कारखान्यात चुकीच्या माणसाला बोलणी बसतात.

ही चूक पकडायची तर बेरजेकडे न बघता मधल्या आकड्याकडे बघा. तीन रकमा एका ओळीत लिहा. पहिली, ॲक्च्युअल क्वांटिटी ॲक्च्युअल भावाने: ६२,४००. दुसरी, ॲक्च्युअल क्वांटिटी स्टँडर्ड भावाने: ५७,६००. तिसरी, प्रत्यक्ष उत्पादनाची स्टँडर्ड क्वांटिटी स्टँडर्ड भावाने: ५४,०००. पहिल्या दोनमधला फरक प्राइस, दुसऱ्या दोनमधला युसेज. अदलाबदल झालेल्या उत्तरात मधली रक्कम ५८,५०० येते, म्हणजे ४५० गुणिले १३०. दोन्ही टोकं तीच राहतात, म्हणून बेरीज काही सांगत नाही. मधली रक्कम हातात असेल तर चूक लपायला जागा उरत नाही. सोबत दोन साधे प्रश्न विचारा: भाव १२० वरून १३० झाला, मग प्राइस ॲडव्हर्स यायला हवा, आला का? ४५० ऐवजी ४८० किलो लागला, मग युसेज ॲडव्हर्स, आला का? चिन्हाच्या गोंधळावर हाच उपाय. ॲक्च्युअलमधून स्टँडर्ड वजा केलं तर अधिक चिन्ह म्हणजे ॲडव्हर्स, पण बहुतेक पुस्तकांतली सूत्रं स्टँडर्डमधून ॲक्च्युअल वजा करतात. सगळीकडे एकदम उलटं केलं तर बेरीज तरीही जमते, अन् राजेहो, सगळे ॲडव्हर्स फेव्हरेबल होऊन बसतात.

लेबरमध्ये हाच प्रकार आयडल टाइमच्या रूपाने येतो. एक किलो बर्फीला १२ मिनिटं, म्हणजे ९०० किलोला १८० तास, तासाला ८० रुपये. स्टँडर्ड कॉस्ट १४,४००. पगार दिला २१० तासांचा, ८५ रुपयांनी, म्हणजे १७,८५०. त्यातले १२ तास वीज गेली म्हणून सगळे बसून होते. एकूण फरक ३,४५० ॲडव्हर्स. रेट व्हेरिअन्स २१० गुणिले ५, म्हणजे १,०५०. आयडल टाइम १२ गुणिले ८०, म्हणजे ९६०. एफिशियन्सी काम केलेल्या १९८ तासांवर: १८ गुणिले ८०, म्हणजे १,४४०. तिन्ही ॲडव्हर्स, बेरीज ३,४५०.

आता कुणी आयडल टाइम वाचलाच नाही आणि एफिशियन्सी पगाराच्या २१० तासांवर काढली: ३० गुणिले ८०, म्हणजे २,४००. त्यात रेटचे १,०५० मिळवले की झाले ३,४५०. पुन्हा टॅली, आणि वीज गेल्याचे ९६० रुपये कामगारांच्या संथपणाच्या खात्यात. उलट २,४०० घेऊन वर ९६० सुद्धा मिळवले तर बेरीज ४,४१० होते आणि चेक बरोबर पकडतो. म्हणजे दोनदा मोजलेलं त्याला दिसतं, वेगळं न काढलेलं दिसत नाही.

राहिला सल्ल्याचा शेवट: बेरीज जमली नाही तर पुन्हा सोडवा. हे ऐकून किती जणांनी बरोबर उत्तर खोडलं असेल! आपल्याच कारखान्यानं बहारात गर स्वस्त पडेल म्हणून एकदम ६०० किलो घेतला, १३० च्याच भावाने, ४८० वापरला आणि १२० किलो गोठवून ठेवला असं धरा. अनेक ठिकाणी साठा स्टँडर्ड भावाने ठेवतात, तेव्हा प्राइस व्हेरिअन्स खरेदीच्या वेळीच काढायचा असतो, पूर्ण ६०० किलोंवर: ६,००० ॲडव्हर्स. युसेज तोच, ३,६००. बेरीज ९,६००, आणि वापरलेल्या मालाचा फरक तर ८,४००. १,२०० रुपये जुळत नाहीत, तरी उत्तरात चूक नाही. ते १,२०० म्हणजे गोठवलेल्या १२० किलोंवरचे दहा-दहा रुपये. ते खरेदीच्या महिन्यातच व्हेरिअन्स म्हणून गेले, साठ्यात बसलेच नाहीत.

इथे चेक सोडायचा नाही, त्याचा एकूण आकडा बदलायचा. खरेदी ७८,०००, त्यातून शिल्लक साठा स्टँडर्ड भावाने १४,४०० वजा, त्यातून उत्पादनाची स्टँडर्ड कॉस्ट ५४,००० वजा. उरले ९,६००. आता जमलं.

म्हणून गणितात खरेदी आणि वापर हे दोन वेगळे आकडे दिसले की सूत्राला हात लावण्याआधी साठा कोणत्या भावाने धरलाय ते वाचा. स्टँडर्ड भावाने असेल तर प्राइस खरेदीवर. साठा ॲक्च्युअल भावाने, म्हणजे फिफोसारख्या पद्धतीने धरला असेल तर प्राइस वापरावर, आणि मग ८,४०० लाच टॅली करायचं. प्रश्नात काहीच सांगितलं नसेल तर कोणती पद्धत धरली ते गृहीतक म्हणून एका ओळीत लिहा, आणि त्याच पद्धतीचा एकूण फरक व्हेरिअन्स काढायच्या आधी, थेट प्रश्नातल्या आकड्यांवरून मांडून ठेवा.