बांगड्याचा तवा आणि घाण्याचं तेल

आमच्या मालवणात बऱ्याच घरांत आता घाण्याचं तेल आलंय, आणि रिफाइंडची पिशवी म्हणजे विषच असं बोललं जातं. मला ते पटत नाही. दोन वर्षं मी दोन्ही वापरतेय. माझ्या मते फोडणीला घाण्याचं आणि मासे तळायला रिफाइंड, हेच बरं.

श्रावणाआधीच्या रविवारी बारा बांगडे रवा लावून बिडाच्या तव्यावर तळायला घेतले, घाण्याच्या शेंगतेलात. पहिली खेप सुरेख उतरली. दुसरीला तव्याच्या कडेनं निळसर धूर निघाला, डोळे चुरचुरले. पडवीतून सासूबाई ओरडल्या, "गो, तेल जळला!" तिसऱ्या खेपेचा रवा बाहेरून काळा आणि कडू, काट्याजवळ मासा कच्चाच.

झालं काय, तर घाण्याच्या तेलात मोकळी आम्लं आणि दाण्याचा बारीक गाळ राहतो. त्यामुळे ते साधारण १६० अंशांच्या आसपास धुरायला लागतं आणि तळणीला तर १७०-१८० अंश लागतात. पहिले बांगडे ओले होते म्हणून तेल आवरलं गेलं. दोन खेपांमध्ये तवा रिकामा तापत राहिला, वर सांडलेला रवा जळला. रिफाइंड तेल २२० अंशांपर्यंत तरी दम धरतं, कारण त्यातली आम्लं कॉस्टिक सोड्यानं काढलेली असतात. मग ते २०० अंशांच्या वर तापवून, वाफ सोडून वास उडवतात. तेलाचा स्वाद जातो तो तिथेच.

आणि फोडणीत तो स्वादच तर हवा! वालाच्या उसळीला तेल तापून मोहरी तडतडली, लसूण पडली की मिनिटभरात ओले वाल आत जातात. तेलाला धुरायला वेळच मिळत नाही. सुक्या जवळ्याच्या चटणीवर तर मी शेंगतेल कच्चंच घालते. तिथे रिफाइंड घातलं तर नुसता तेलकटपणा.

घाण्याचं खोबरेल घेताना तळहातावर थेंबभर चोळून वास घ्या. खोबरं पावसात नीट वाळलं नसेल तर खवट वास येतो, आणि असं तेल धुरतंही लवकर. गाळ असेल तर दोन-तीन दिवस स्टीलच्या भांड्यात हलवू नका, वरचं निवळ तेवढं ओतून घ्या.

पैशांचं म्हणाल तर आम्हा पाच जणांना महिन्याला चार लिटर तेल लागतं. मला घाण्याचं ३२० रुपये लिटर पडतं, रिफाइंड १६०. सगळं घाण्याचं घेतलं तर १२८०, सगळं रिफाइंड तर ६४०. मी दीड लिटर घाण्याचं आणि अडीच रिफाइंड घेते, ८८० होतात. वरचे २४० रुपये मी चवीसाठी आनंदानं देते. फक्त घाणेवाला किलोनं देतो का लिटरनं, ते विचारून घ्या. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅमच भरतं, त्यामुळे किलोचा भाव लिटरच्या भावाशी तसाच ताडला तर घाण्याचं तेल आहे त्याहून महाग वाटतं.