सर्व सभासदांस सूचना : मेंटेनन्स असाच भरत राहा

सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, संस्थेचं ॲप सुरू होऊन वर्ष होत आलं तरी ते कसं वापरायचं याबद्दल काहींच्या मनात अजून शंका आहेत. परवाच्या सर्वसाधारण सभेत एका सभासदांनी माइक हातात घेऊन विचारलं, "मी पैसे भरलेत, खजिनदारांनी ते कुठे घातले?" मागच्या रांगेतून टाळ्याही पडल्या. तो खजिनदार मीच. तेव्हा सर्वांच्या सोयीसाठी पुढील सूचना देत आहे. त्या तंतोतंत पाळाव्यात, म्हणजे पुढच्या सभेतही टाळ्यांची सोय होईल.

आधी ॲपवर नाव नोंदवणं. संस्थेच्या दप्तरात तुमचा जो मोबाइल नंबर आहे तो चुकूनही टाकू नका. तो टाकला की ओटीपी येतो, फ्लॅट आपोआप जोडला जातो आणि दोन मिनिटांत काम संपतं. त्यात काय राम? त्यापेक्षा मुलाचा नंबर टाका. मग ॲपला तुम्ही कोण ते ओळखता येत नाही, तुमची विनंती मंजुरीसाठी कमिटीकडे येते आणि माझ्या फोनवर दिसतं : "पप्पू, ४०२". विंग लिहिलेली नसते. आपल्याकडे तीन विंग, म्हणजे ४०२ ही तीन. यातला कुठला पप्पू मी खरा मानू? भाडेकरूंनी आवर्जून "मालक" हा पर्याय निवडावा आणि मालकांनी काहीच निवडू नये. म्हणजे बिल भाडेकरूच्या फोनवर जाईल आणि मालकांना "आम्हाला बिलच मिळालं नाही" हे छातीठोकपणे सांगता येईल.

ओटीपी आला की तो लगेच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून "हे काय आहे?" असं विचारावं.

आता पैसे भरण्याकडे वळू. ॲपमध्ये बिल उघडलं की खाली पैसे भरण्याचं बटण असतं. त्याच्याकडे बघू नये. त्या बटणावरून पैसे भरले की सोबत बिलाचा नंबर जातो, तुमच्या खात्यात रक्कम आपोआप जमा होते आणि पावती तुमच्या फोनवर येते. खजिनदाराला कुणी विचारतच नाही. हे बरं दिसतं का? त्याऐवजी तुमच्या फोनमध्ये चार वर्षांपूर्वी सेव्ह केलेलं संस्थेचं बँक खातं आहे ना, तेच काढा आणि त्यावर थेट पैसे पाठवा. "रिमार्क" नावाची एक रिकामी चौकट दिसेल. तिथे फ्लॅट नंबर लिहायचा असतो, म्हणून तिथे "मेंटेनन्स" असं लिहा. बाकीचे एकशे सात सभासद बहुधा देणग्या पाठवत असावेत, त्यांच्यातून तुम्ही ओळखू याल.

शक्य असल्यास पैसे स्वतःच्या खात्यातून पाठवूच नयेत. जावयाच्या, मेहुण्याच्या किंवा धंद्याच्या खात्यातून पाठवावेत.

याचं पुढे काय होतं ते एकदा नीट सांगतोच. सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं, ते फ्लॅटच्या आकारावर नसतं. तीन बेडरूमवाल्यांना एक बेडरूमवाल्यांइतकंच का, यावर आपण दर सभेत एक तास घालवतो, त्यामुळे हे सर्वांना पाठ आहे. पण त्याचा एक परिणाम कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे बहुतेकांचं तिमाही बिल एकच आहे, १०,८४७ रुपये. त्यामुळे रकमेवरून माणूस ओळखता येत नाही. जुलैच्या १० तारखेला बँकेच्या स्टेटमेंटमध्ये १०,८४७ च्या तीन ओळी आल्या. प्रत्येक ओळीत काय असतं? यूपीआय अशी अक्षरं, मग १२ आकडी व्यवहार क्रमांक, मग पाठवणाऱ्याचं अर्धवट कापलेलं नाव. एक नाव सभासदाच्या बायकोचं निघालं, ते ओळखलं. दुसरं एका ट्रेडिंग कंपनीचं. सी विंगमध्ये हार्डवेअरचा धंदा कोणाचा आहे ते वॉचमनला विचारून लावलं. तिसरं आडनाव आपल्या सभासदांच्या यादीतच नाही. ग्रुपवर विचारलं, "हे १०,८४७ रुपये कोणाचे?" उत्तरादाखल दोन सुप्रभात, एक अंगठा आणि पाण्याच्या टँकरबद्दल एक तक्रार आली.

कोणाचे ते कळल्याशिवाय पैसे कुणाच्याही नावावर टाकता येत नाहीत. टाकले आणि चुकले तर ऑडिटर माझी मान धरतो. म्हणून ते सस्पेन्स खात्यात जातात, म्हणजे बँकेत आहेत, पण तुमचे नाहीत. संस्थेच्या वहीत तुम्ही थकबाकीदारच. थकबाकीवर वर्षाला २१ टक्के सरळ व्याज लावायचं, असं आधीच्या एका सभेत ठरलं. तुम्हीच हात वर केले होते, कारण तेव्हा थकबाकीदार दुसरं कोणीतरी होतं. तर १०,८४७ वर तीन महिन्यांचं व्याज ५६९ रुपये ४७ पैसे. ऑक्टोबरच्या बिलात ते आलं आणि त्या रात्री जेवायच्या वेळेला बेल वाजली.

"पैसे तर केव्हाच गेलेत! हा बघा स्क्रीनशॉट."

स्क्रीनशॉटमध्ये हिरवा गोल, त्यात बरोबरची खूण, खाली रक्कम. व्यवहार क्रमांक जिथे असतो तो खालचा भाग कापलेला. पाठवणाऱ्याचं नावही नाही, कारण तो स्क्रीनशॉट जावयाने बायकोला, बायकोने आईला आणि आईने यांना पाठवलेला. मी क्रमांक मागितला तर म्हणाले, "एवढं बरोबर दिसतंय, तुम्हाला अजून काय पाहिजे?" मला तो १२ आकडी क्रमांकच पाहिजे, साहेब. तो मिळाला की मी स्टेटमेंटमध्ये शोधतो आणि अर्ध्या मिनिटात रक्कम तुमच्या नावावर लावतो. हिरव्या खुणेला बँकेच्या स्टेटमेंटमध्ये रकाना नसतो. शेवटी जावयालाच फोन लावला, त्याने क्रमांक वाचून दाखवला, रक्कम जमा झाली, व्याज रद्द झालं. हेच गृहस्थ परवा माइक हातात घेऊन उभे होते. जावई बिचारा भला माणूस आहे.

रक्कम नेहमी गोल करून भरावी. १०,८४७ चं बिल असताना १०,८०० पाठवावेत. वरच्या ४७ साठी कोण बघतो? मी नाही बघत, हिशेबाचं सॉफ्टवेअर बघतं. ४७ रुपयांवर तीन महिन्यांचं व्याज २ रुपये ४७ पैसे होतं, पुढच्या बिलात ते छापून येतं आणि त्या २ रुपये ४७ पैशांसाठी तुम्ही चेअरमनना चार पानी पत्र लिहिता. पुढच्या तिमाहीला पुन्हा १०,८०० पाठवले की आधी व्याज वळतं होतं, उरलेलं मुद्दलात, आणि थकबाकी ९६ रुपये ४७ पैसे. असं दोन वर्षं करत राहिलात की फ्लॅट विकताना ना-हरकतीच्या वेळी छान मोठा आकडा पुढे येईल.

क्रेडिट कार्डाने भरून पॉइंट मिळवावेत आणि वर लागलेला चार्ज मात्र कमिटीने खाल्ला म्हणावं. (यूपीआयवर चार्ज नाही. कार्डावर असतो आणि त्यावर जीएसटीही. तो पैसे वळवणारी कंपनी घेते, आम्ही नाही.)

"पेंडिंग" दिसलं की तत्क्षणी दुसऱ्यांदा भरावं. वाट बघू नये. अडकलेला व्यवहार फसला असेल तर पैसे आपोआप परत येतात, त्यासाठी बँकांना रिझर्व्ह बँकेने मुदत घालून दिली आहे आणि ती काही दिवसांचीच आहे. पण एवढे दिवस कोण थांबणार? दोनदा भरा. मग दोन्ही वेळचे पोचतील, जास्तीचे पुढच्या बिलात आगाऊ जमा दिसतील, आणि तुम्ही मात्र "परत द्या" म्हणून माझ्या दारात.

शेवटच्या तारखेला रात्री पावणेबारा वाजता भरावं.

आता नोटिशीची भाषा पुरे झाली. वय झालंय, जमत नाही, हे कारण मला सांगू नका. ए विंगमधल्या आजी पंच्याहत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांचे पैसे दर तिमाहीला पाच तारखेच्या आत, पूर्ण रकमेचे, ॲपमधूनच येतात, कारण पहिल्या वेळी त्या खाली ऑफिसात येऊन शिकून गेल्या. गोंधळ घालणारे बहुतेक चाळिशीतले आहेत. सकाळी १० च्या ठोक्याला तत्काळचं तिकीट काढता, त्यासाठी आधारचा ओटीपी न चुकता टाकता, शेअर बाजारात खाती उघडता, आणि फ्लॅट नंबर लिहायचा म्हटलं की तुम्हाला तंत्रज्ञान कळत नाही?

ॲप अवघड नाही. अवघड असतं तर मी रविवारी खाली टेबल टाकून बसलो तेव्हा रांग लागली असती. दोघं आले, त्यातले एक पार्किंगचं भांडण घेऊन. तुम्हाला शिकायचं नाहीये, कारण न शिकण्याचा भुर्दंड दुसरा भरतोय. मला याचे पैसे मिळत नाहीत. ऑफिसातून आल्यावर मी तुमच्या जावयांची आडनावं पाठ करत बसतो आणि भर सभेत चोर ठरतो.

फोनमधलं जुनं सेव्ह केलेलं खातं आजच्या आज काढून टाका. पैसे ॲपमधल्या बिलावरूनच भरा. ते जमत नसेल तर ॲपमध्ये तुमच्या फ्लॅटच्या नावावर जो स्वतंत्र खाते क्रमांक दिसतो त्यावर पाठवा. त्या क्रमांकावर जावयाने पाठवले काय किंवा मेहुण्याने, जमा तुमच्याच फ्लॅटला होतात. रक्कम शेवटच्या पैशापर्यंत पूर्ण भरा. १ जानेवारीपासून जुन्या खात्यात बिननावाने आलेल्या रकमेसाठी मी एकही फोन करणार नाही. व्याज लागेल, आणि लागलेलं व्याज या वेळी रद्द होणार नाही. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी खजिनदारपदासाठी अर्ज करावा. माझा राजीनामा टाइप करून तयार आहे.