ओ.डी. म्हणजे उजवा डोळा

सरकारच्या लेखा खात्यात ३३ वर्षे काढलेल्या माणसाला यादी करण्याचे भय नसते, असा माझा समज होता. मेलबर्नला मुलाकडे १२ आठवड्यांसाठी जायचे ठरले तेव्हा पासपोर्ट, व्हिसाचे पत्र, विम्याचा कागद आणि तिकिटे एकाच संध्याकाळी फोल्डरमध्ये जाऊन बसली. औषधांनी मात्र माझे साडेतीन आठवडे खाल्ले.

मुलाने फोनवर नियम सांगितला तो असा: ऑस्ट्रेलियात प्रवाशाला स्वतःपुरती औषधे नेता येतात, पण जास्तीत जास्त ३ महिन्यांची, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासह किंवा प्रिस्क्रिप्शनसह. हा नियम आमच्या घरी पोचला तो एक दिवस उशिराच, कारण आदल्याच दिवशी हिने फोंड्याच्या फार्मसीतून सहा महिन्यांच्या गोळ्या आणल्या होत्या. शिवाय त्या सगळ्या पाकिटांतून सोडवून पेढ्याच्या रिकाम्या डब्यात भरण्याचे काम अर्ध्यावर आले होते. पांढऱ्या गोळ्या खाली, गुलाबी वर आणि मध्ये वर्तमानपत्राचा कागद.

"अहो, जागा वाचते," ही म्हणाली.

जागा वाचत होती हे खरे. पण मधुमेहाची पांढरी गोळी आणि रक्तदाबाची पांढरी गोळी यांतला फरक त्या डब्याला ठाऊक नव्हता, आणि परदेशातल्या अधिकाऱ्याला तो समजावून सांगण्याइतके माझे इंग्रजी चांगले नाही. सुट्या केलेल्या गोळ्या घरी संपवायच्या आणि नेण्यासाठी नव्या आणायच्या, असा ठराव झाला.

मग मी वही उघडली. मुक्काम ८४ दिवसांचा. विमान चुकले किंवा परतीची तारीख पुढे गेली तर हाताशी असावेत म्हणून ६ दिवस वर, असे ९० दिवस धरले. मधुमेहाची गोळी दिवसाला दोन, म्हणजे १८०. पाकिटात १५ असतात, म्हणून १२ पाकिटे. रक्तदाबाची दिवसाला एक, म्हणून ६ पाकिटे. इथपर्यंत हिशेब पैशाला पैसा जुळला. अडले ते माझ्या काचबिंदूच्या थेंबांपाशी, कारण ती इवलीशी बाटली उघडल्यावर ४ आठवड्यांनी टाकून द्यायची असते, मग आत थेंब शिल्लक असोत वा नसोत. तीन बाटल्यांत नेमके ८४ दिवस निघतात आणि माझे वरचे ६ दिवस कोरडे राहतात. म्हणून चौथी घेतली. न उघडलेली बाटली थंड ठेवावी लागत असल्याने प्रवासात तिच्यासाठी थंड पिशवीही आली. ही सगळी औषधे हातातल्या बॅगेत ठेवायची, कारण मोठी बॅग भलत्याच गावी उतरली तर गोळ्याही तिच्यासोबत उतरतात.

फार्मसीवाल्या मुलाने नव्या पाकिटांसोबत एक सवयीचा घोटाळा केला. रक्तदाबाच्या ९० गोळ्यांसाठी त्याने पाच अखंड पाकिटे दिली आणि उरलेल्या १५ गोळ्या दोन निरनिराळ्या पाकिटांतून कात्रीने कापून दिल्या. घरी येऊन चष्मा लावून पाहिले तर त्यातल्या एका तुकड्यावर औषधाचे अर्धे नाव होते आणि मुदत संपण्याची तारीख नव्हतीच, कारण ती छापलेली असते पाकिटाच्या एका टोकाला आणि ते टोक कदाचित त्या क्षणी सावर्ड्याच्या कोणा आजोबांच्या खिशात असेल. मी दोन्ही तुकडे परत नेले. "काका, गोळी तीच आहे," तो म्हणाला. ती तीच आहे हे मला आणि त्याला ठाऊक होते; तिसऱ्याला कळण्यासाठीच तर पाकीट असते.

पत्रासाठी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. गेली २० वर्षे ते मला 'भाई' म्हणतात, आणि त्यांच्या प्रिस्क्रिप्शनवरही तेवढेच लिहिलेले असते: भाई, वय ७१. पासपोर्टावर मी भाई नाही. तिथे माझे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन डब्यांची गाडी आहे, आणि अक्षरे तीच नसतील तर ती औषधे माझी आहेत हे कोणी का मानावे?

दुसरी गंमत त्यांच्या अक्षराखाली दडली होती. रक्तदाबाच्या गोळीपुढे त्यांनी 'ओ.डी.' लिहिले होते, म्हणजे दिवसातून एकदा. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत थेंबांपुढे तेच 'ओ.डी.' होते, आणि तिथे त्याचा अर्थ उजवा डोळा. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्या भल्या माणसाने मला रक्तदाबाची गोळी उजव्या डोळ्यात घालायला सांगितली असती, तर चूक त्याची नव्हती. डॉक्टर हसले आणि मग त्यांनी लेटरहेडवर टाइप केलेले पत्र दिले. पासपोर्टावरचे पूर्ण नाव, जन्मतारीख, आजार, प्रत्येक औषधाचे कंपनीने दिलेले नव्हे तर मूळ नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा हे पूर्ण शब्दांत, एकूण किती गोळ्या, खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. मूळ नावाचा आग्रह माझाच होता, कारण पाकिटावर ठळक छापलेले आपल्याकडचे नाव तिथल्या औषधवाल्याने ऐकलेलेही नसते. हिचे पत्र वेगळे घेतले.

ही बातमी फुटताच शेजारची माई खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आली. तिची लेक मेलबर्नलाच असते. सवलत आपल्या स्वतःच्या औषधांना आहे, दुसऱ्याच्या लेकीच्या खोकल्याला नाही, हे सांगितल्यापासून माईचे माझ्याशी बोलणे जरा बेताचेच आहे.

संपर्काचा कागद मी एका बैठकीत केला आणि अभिमानाने मुलाला फोटो पाठवला. मुलाचा पत्ता, त्याचा आणि सुनेचा नंबर, तिथल्या रुग्णवाहिकेचा ०००, आमचे रक्तगट, कोणते औषध सोसत नाही ते, डॉक्टरांच्या दवाखान्याचा नंबर. तासाभरात त्याचा फोन आला. "बाबा, ०८३२ लावून इथून कोणालाही फोन लागणार नाही. शून्य काढा, पुढे +९१ लावा. आणि दवाखाना सकाळी नऊला उघडतो ना? तेव्हा इथे दुपारचे दीड किंवा अडीच वाजलेले असतात." कागद पुन्हा लिहिला, मोठ्या अक्षरांत, आणि तीन प्रती काढल्या: एक माझ्या खिशात, एक हिच्या पर्समध्ये, एक औषधांच्या पिशवीत. मुलाचा पत्ता कागदावर असल्याचा उपयोग विमानातच झाला, कारण उतरण्यापूर्वी भरायच्या कार्डावर तो लिहावा लागतो आणि माझ्या मोबाइलने तोवर प्राण सोडला होता.

त्याच कार्डावर प्रश्न होता की, तुमच्याजवळ औषधे, बंदुका, शस्त्रे किंवा अमली पदार्थ असे काही आहे काय. माझ्या मधुमेहाला इतक्या वरच्या पंगतीत कोणी कधी बसवले नव्हते. जाहीर केले तर फार तर वस्तू जाते, लपवले तर दंड होतो, हे मुलाने बजावून ठेवले होते, म्हणून 'होय' वर खूण केली.

मेलबर्नला अधिकारी बाईंनी दोन्ही पत्रे वाचली, दोन पाकिटे उलटून पाहिली आणि मान हलवली. साडेतीन आठवड्यांचे काम अर्ध्या मिनिटात संपले म्हणून मी पिशवी उचलणार, तोच हिने तिच्या तळातून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. आत वाळलेल्या काड्या होत्या.

"हे काय?" बाईंनी विचारले.

"किराईत," ही म्हणाली. "शुगरसाठी. औषध."

माझ्या कोणत्याही यादीत किराईत नव्हते. पत्रांत तर नव्हतेच. बाईंनी काड्या वास घेऊन पाहिल्या, नाक मुरडले आणि पुडी बाजूच्या पिवळ्या पिंपात टाकली. दंड झाला नाही.

बाहेर मुलगा दिसताच हिने त्याला पहिला प्रश्न केला, तुमच्याकडे किराईत कुठे मिळते?