काटा पडायचा मीटरमध्ये, बिघाड होता अल्टरनेटरमध्ये

ग्राहकाचा अभिप्राय (दोन तारे):
"चालत्या गाडीत आरपीएमचा काटा मध्येच उडायचा आणि शून्यावर पडायचा. मीटर दुरुस्त करा म्हणून जीप दिली. यांनी मीटरला हात न लावता अल्टरनेटर उतरवला आणि त्याचं बिल हातात ठेवलं. इंजिन एकदाही बंद पडलं नव्हतं, सेल्फ एका झटक्यात मारत होता. मग अल्टरनेटरचा संबंध काय? उगाच काम वाढवलं. दोन तारे, तेही आता काटा नीट चालतो म्हणून."

गॅरेजमालकाचं उत्तर:

साहेब, नमस्कार. संबंध काय, ते सांगतो. गाडी घ्यायला तुम्ही आला नाहीत, ड्रायव्हरला पाठवलंत, म्हणून हे बोलणं राहून गेलं.

तुमची जीप जुन्या धाटणीची डिझेल. पेट्रोल गाडीत स्पार्क पडतो. जुन्या पेट्रोल गाड्यांत इग्निशन कॉइलच्या निगेटिव्ह टोकावरून एक वायर मीटरला जाते आणि तिथले ठोके मोजून काटा इंजिनचे फेरे दाखवतो. डिझेलमध्ये स्पार्क नाही, कॉइल नाही. मग फेरे मोजायचे कशावरून? तुमच्या गाडीत ते अल्टरनेटरवरून मोजतात. त्याच्या पाठीमागे जाड बॅटरी वायरशेजारी एक बारीक वायर असते, त्या टोकाला आम्ही डब्ल्यू म्हणतो. आत तयार होणारी एसी वीज डायोडमधून जाऊन डीसी होण्याआधीच तिथून थोडी बाहेर घेतलेली असते. अल्टरनेटर जितका जोरात फिरेल तितक्या तिच्या लहरी जास्त, आणि मीटर तेवढ्या लहरीच मोजतो. इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर आयडलला असेल, पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या दुप्पट फिरत असेल आणि आत चुंबकाच्या सहा जोड्या असतील, तर सेकंदाला 160 लहरी मीटरकडे जातात. म्हणजे अल्टरनेटरने वीज बनवणं थांबवलं की इंजिन कितीही जोरात चालू असलं तरी मीटरच्या दृष्टीने ते बंदच.

आता तुमच्या गाडीत काय केलं ते. गॅरेजच्या दारात इंजिन चालू ठेवून पाहिलं तर बॅटरीवर 14.1 व्होल्ट. हेडलाइट आणि ब्लोअर लावले तरी 13.8. काटाही शहाण्यासारखा उभा. तिथेच थांबलो असतो तर मीटर उघडून बसलो असतो. पण ड्रायव्हर म्हणाला, कुंभार्ली घाटात खड्ड्यांच्या पट्ट्यात जास्त होतं. म्हणून बॅटरीवरून लांब वायर ओढून मल्टीमीटर समोर ठेवला आणि खराब रस्त्यावर गाडी फिरवली. काटा पडला त्याच क्षणी व्होल्टेज 12.3 वर आलं आणि चार्जिंगचा लाल दिवा अगदी मंद पेटला. उन्हात तो दिसणारही नाही इतका मंद. डिझेलचा आणि टेम्परेचरचा काटा मात्र जागचे हलले नाहीत. मीटरचा करंट किंवा अर्थ सैल असता तर तेही सोबत नाचले असते.

परत आल्यावर मल्टीमीटर एसीवर लावून एक टोक डब्ल्यूला, दुसरं बॉडीला धरलं. साधारण 7 व्होल्ट मिळाले, म्हणजे चार्जिंगच्या निम्मे, आणि ते योग्यच आहे. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने अल्टरनेटरच्या पाठीवर हलकं टकटक केलं. सात व्होल्ट गायब, काटा शून्यावर. पुन्हा टकटक, पुन्हा वर. दोष मीटरमध्ये असता तर काटा पडला तरी हे सात व्होल्ट तसेच राहिले असते. वायर आणि तिची थिंबल घट्ट होती, तीही ओढून पाहिली.

उघडल्यावर कारण समोर आलं. अल्टरनेटरच्या फिरत्या रोटरला करंट दोन कार्बन ब्रशमधून मिळतो. तो तीन-चार अँपिअरच असतो, पण तो नसला तर चुंबक नाही आणि चुंबक नसला तर वीज नाही. नवा ब्रश होल्डरच्या बाहेर 10 ते 12 मिलिमीटर दिसतो, 5 च्या खाली गेला की बदलायचा. तुमचा एक ब्रश 4 वर आला होता. स्प्रिंगला दाबायला काही उरलंच नव्हतं, म्हणून खड्ड्याच्या हादऱ्याने तो स्लिप रिंगवरून उचलला जायचा आणि परत टेकायचा. तुमचा काटा आधी उडायचा आणि मग पडायचा, ते यामुळे. ब्रशचा जोड बदलला, काळी पडलेली रिंग बारीक पॉलिश पेपरने साफ केली. बेअरिंगला आवाज नव्हता, व्होल्टेज आवरणारा कटआउट बरोबर कापत होता, म्हणून त्यांना हात लावला नाही. तुमच्या बिलात ब्रश आणि मजुरी आहे, नवा अल्टरनेटर नाही. बिलावरची ओळ एकदा पाहा.

इंजिन बंद पडलं नाही, सेल्फ चांगला मारला, हे खरं आहे आणि त्यात नवल नाही. तुमचं इंजिन चालायला डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडपुरता करंट लागतो, तो बॅटरी देत होती. चार्जिंग मध्येच तुटायचं आणि मध्येच परत यायचं, त्यामुळे बॅटरी उतरली नाही. ब्रश आणखी झिजला असता तर चार्जिंग कायमचं गेलं असतं. रात्री घाटात हेडलाइट लावून चाललात की आधी लाइट पिवळे पडले असते आणि बॅटरी पार उतरल्यावर सोलेनॉइडने डिझेल तोडलं असतं.

हे वाचून पेट्रोल गाडीवाले अल्टरनेटर उतरवायला येऊ नयेत म्हणून सांगतो, त्यांचं गणित वेगळं आहे. कॉइलवरून काटा चालणाऱ्या जुन्या गाडीत काटा पडताना इंजिनने झटका दिला, तर इग्निशनचा करंटच तुटतोय. चावीचा स्विच, इग्निशन मॉड्यूल, डिस्ट्रिब्युटरमधली पिकअप कॉइल, यांपैकी काहीतरी. ते गरम झाल्यावर दगा देतात आणि थंड झाले की गुपचूप चालतात. काटा पडला पण इंजिन मऊ चालू राहिलं, तर मीटर किंवा मीटरची वायर. नव्या गाडीत हे काम क्रँक सेन्सर आणि ईसीयू करतात. गिअरमध्ये गाडी पळत असताना, चाकं इंजिनला फिरवत असतानाही काटा थेट शून्यावर बसला आणि ओढ गेली, तर आधी त्या सेन्सरवर आणि त्याच्या सॉकेटवर संशय घ्यायचा.

साहेब, तुमच्यासाठी एकच खूण. चावी लावल्यावर, सेल्फ मारायच्या आधी, लाल दिवा पेटला पाहिजे. अल्टरनेटरला पहिला करंट त्या बल्बमधूनच जातो. बल्ब गेला तर सकाळी काटा शून्यावरच राहतो आणि जोरात रेस दिली की एकदम वर उडी मारतो. तेव्हा दोन रुपड्यांच्या बल्बसाठी कोणी अल्टरनेटर बदलायला सांगितला तर ऐकू नका. आणि पुढे कधी काटा पडला, लाल दिवा विझलेला आणि बॅटरीवर 14 व्होल्ट असतील, तर त्या दिवशी मीटर नक्की उघडू.

जुने ब्रश तुमच्या गाडीच्या नंबरच्या पाकिटात ठेवलेत. रविवार सोडून कधीही या, स्केल लावून दाखवतो.